मोज्यांचा हिशेब

सर्गेई दोव्लातोव हा लेनिनग्राडचा लेखक १९७८ मध्ये सोव्हिएत देश सोडून निघाला आणि पुढे न्यूयॉर्कला स्थायिक झाला. त्याचं ‘सूटकेस’ हे छोटं पुस्तक १९८६ मध्ये अमेरिकेत रशियन भाषेत निघालं. त्यातली सूटकेस स्टेशनवर किंवा विमानतळावर हरवत नाही. ती कपाटाच्या कोपऱ्यात पडून राहते आणि मालक तिला विसरतो. चार वर्षांनी लहान मुलाला शिक्षा म्हणून त्या कपाटात कोंडलं जातं. बाहेर आल्यावर मुलगा सांगतो, की तो सूटकेसवर बसला होता. मग ती उघडली जाते. आतली एकेक वस्तू म्हणजे एकेक गोष्ट.

या पुस्तकातला निवेदक दोव्लातोवचंच नाव लावतो, पण तो लेखकाने घडवलेला माणूस आहे. तो हसवतो, मात्र कधी विनोद करायला निघालाय असं वाटत नाही. तो फक्त पाहिलेलं नेमकेपणाने सांगतो, आणि जे वाटलं ते सांगायचं टाळतो. देश सोडणाऱ्याला तीनच सूटकेस नेता येतील, असं कचेरीत सांगतात तेव्हा तो हादरतो, वाद घालतो. आठवड्याने सामान भरायला घेतो, तर एकच सूटकेस पुरते. छत्तीस वर्षांच्या आयुष्याची मिळकत एवढीच, हे दुःख इथे एका संख्येवर सोपवलंय. तीन मागाहून एक. 

सूटकेसचं वर्णनही तसंच. प्लायवूडची, वर कापड चढवलेली, कोपऱ्यांना चकचकीत पत्रे. कुलूप चालत नाही, म्हणून कपडे वाळत घालायच्या दोरीने बांधलेली. झाकणाच्या आत काही चित्रं चिकटवलेली, त्यात पारदर्शक कपड्यांतली जीना लोलोब्रिजिदा आणि कवी जोसेफ ब्रॉडस्की. कस्टमचा माणूस लोलोब्रिजिदाला नखांनी खरवडून काढू पाहतो, ते जमत नाही. ब्रॉडस्कीला तो हात लावत नाही, नुसतं हा कोण म्हणून विचारतो. लांबचा नातेवाईक, असं निवेदक सांगतो.

हा प्रसंग कळायला एक गोष्ट ठाऊक हवी. ब्रॉडस्कीला सरकारने १९६४ मध्ये ‘ऐतखाऊ’ ठरवून उत्तरेकडे सक्तमजुरीला पाठवलं होतं आणि १९७२ मध्ये देशाबाहेर काढलं होतं. निवेदक यातलं काहीही सांगत नाही. सरकारी माणसाला नटी धोकादायक वाटते आणि कवी ओळखूही येत नाही, एवढं तो दाखवतो. इथे सरकारच्या मूर्खपणाबद्दल एक वाक्य जरी आलं असतं, तरी प्रसंग लेख झाला असता. या पद्धतीची मर्यादाही इथेच कळते. वाचकाला ब्रॉडस्की माहीत नसेल, तर हसू येत नाही. न सांगितलेला भाग भरून काढणारा वाचक तिला लागतोच.

मला सर्वांत आवडते ती मोज्यांची गोष्ट. विद्यार्थी असताना निवेदक कर्जात बुडतो आणि काळ्या बाजारात शिरतो. तो आणि त्याचे साथीदार फिनलंडच्या बायकांकडून क्रेपचे मोजे घेतात. ७२० जोड, जोडीला ६० कोपेक, एकूण ४३२ रूबल. विकून चांगला नफा होणार, हे नक्की असतं. तेवढ्यात तसलेच सोव्हिएत मोजे दुकानोदुकानी येतात, ८० कोपेकना. वाटणीत निवेदकाकडे एकाच वाटाणी रंगाचे २४० जोड उरतात.

आता ७२०च्या जागी ‘शेकडो’ घालून पाहा. गोष्ट तीच राहते, पण हसू जातं. ४३२ या आकड्यात बेत नीट आखल्याचा विश्वास आहे, आणि त्या काटेकोर हिशेबामुळेच पुढची फजिती टोचते. फजितीचं वर्णन करायची त्याला गरजच पडत नाही. पुढे तो मोज्यांचं काय काय केलं एवढंच सांगतो. ओळखीच्यांना वाटले, नाताळच्या झाडाची खेळणी त्यात ठेवली, धूळ पुसली, खिडक्यांच्या फटी बुजवल्या. ढीग काही कमी होईना.

या सुरात सर्वांत सोपी चूक म्हणजे लेखकाला राहवत नाही आणि तो एक विशेषण जास्त घालतो. दोव्लातोवने स्वतःला एक विचित्र शिस्त लावली होती. एका वाक्यातले कुठलेही दोन शब्द एकाच अक्षराने सुरू होऊ द्यायचे नाहीत. या नियमाने वाक्य लांबवणंच अवघड होतं, आणि मनात आलेला पहिला, गुळगुळीत शब्द बहुधा गाळावा लागतो.

शेवटी निवेदक मोज्यांचा तो ढीग रिकाम्या घरात टाकून निघतो, तीन जोड तेवढे सूटकेसमध्ये कोंबतो. माणूस आपलं घर आणि देश कायमचा सोडून जातोय, ही बातमी या गोष्टीत मोज्यांचं काय झालं हे सांगणाऱ्या वाक्यातून, जाता जाता येते.