टाकीच्या प्रस्तावातले राहून गेलेले पान

ग्रामसभेपुढे पिण्याच्या पाण्याच्या टाकीचा प्रस्ताव येतो, तेव्हा चर्चा रंगते ती जागा, खर्च आणि ठेकेदार यांवर. नकाशा दाखवला जातो, अंदाजपत्रक वाचले जाते आणि हात वर होतात. पण टाकीतल्या पाण्यात रोज औषध किती टाकायचे आणि कोणी, हे पान प्रस्तावात बहुधा नसतेच. गॅस्ट्रो आणि कावीळ गावाबाहेर ठेवायची, तर नेमके हेच पान हवे.

समजा, गावाची लोकसंख्या १८०० आहे. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर धरले, तर सुमारे एक लाख लिटर पाणी लागेल. दिवसातून दोनदा भरणारी ५० हजार लिटरची टाकी आजच्या गरजेला पुरते. पुढची लोकसंख्यावाढ धरून ती मोठी घ्यावी लागेल, पण हिशोबाची रीत तीच.

ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये, म्हणजे आपल्या टीसीएलमध्ये, सुमारे ३३ टक्के क्लोरिन असतो. स्वच्छ दिसणाऱ्या हजार लिटर पाण्याला ती ५ ग्रॅम लागते. म्हणजे एका भरण्याला २५० ग्रॅम आणि महिन्याला १५ किलो. मात्र ओल आणि उष्णता लागली, की पावडरीतला क्लोरिन उडून जातो. तो २० टक्क्यांवर आला, तर २५० ग्रॅमच्या जागी ४०० ग्रॅमहून अधिक पावडर लागते. म्हणून वर्षाचा साठा एकदम घेऊ नये आणि पावडर बंद डब्यात, कोरड्या जागी ठेवावी.

पावडर थेट टाकीत ओतणे चूक आहे. ती बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरची निवळी टाकीत सोडावी आणि अर्ध्या तासाने पाणी द्यावे. रोज बादली घेऊन वर चढायचे असल्याने नकाशात कठडा असलेला जिना हवा. झाकणाला कुलूप, हवेच्या नळीला जाळी आणि गाळ काढायला तळाशी वेगळा व्हॉल्व्ह हेही पाहावे.

औषध पोहोचले की नाही, हे टाकीपाशी नव्हे, गावातल्या शेवटच्या नळावर कळते. तिथल्या पाण्यात ओटी द्रावणाचे थेंब टाकताच पिवळा रंग आला, तर क्लोरिन शिल्लक आहे. रंग आला नाही, तर पावडर शिळी आहे, टाकीत गाळ साचला आहे किंवा वाटेत पाइप फुटून गटाराचे पाणी आत शिरते आहे. अशा वेळी नुसती पावडर वाढवू नये, कारण शोधावे.

तेव्हा मंजुरीचा हात वर करण्यापूर्वी तीन गोष्टी ठरावात लिहून घ्या: पावडरीचा वार्षिक खर्च, जलसुरक्षकाचे नाव आणि शेवटच्या नळावरील रोजच्या तपासणीची नोंदवही.