एक पेमेंट, दोन विक्रेते

समजा, तुम्ही ऑनलाइन बाजारातून एका विक्रेत्याची 1,050 रुपयांची साडी आणि दुसऱ्याची 450 रुपयांची चप्पल घेतली. तुमच्या खात्यातून 1,500 रुपये एकदमच जातात. पण पेमेंट घेणारी मध्यस्थ कंपनी त्याच क्षणी दोन नोंदी करते: कोणत्या ऑर्डरचे किती आणि कोणाचे. पैसे मात्र अजून कोणालाच मिळत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ते बँकेतल्या एस्क्रो खात्यात राहतात. मध्यस्थाला ते स्वतःच्या खर्चासाठी वापरता येत नाहीत.

साडी पोहोचली आणि परत करण्याची मुदत संपली, की हिशेब होतो. 1,050 मध्ये 50 रुपये जीएसटी आहे. कमिशन 100 रुपये धरू. त्यावर 18 रुपये जीएसटी. शिवाय 1,000 रुपयांवर अर्धा टक्का टीसीएस, म्हणजे 5 रुपये, आणि 0.1 टक्के टीडीएस, म्हणजे 1 रुपया. विक्रेत्याच्या हाती 926 रुपये येतात. टीसीएस आणि टीडीएस त्याच्या नावावर जमा होतात, म्हणून ते पुढे करात वळते करून घेता येतात.

खरी अडचण येते ती पैसे दिल्यानंतर साडी परत आली तर. मग विक्रेत्याच्या खात्यावर येणे निघते आणि ते पुढच्या रकमेतून कापले जाते. बँकेत मात्र अनेक ऑर्डरींची एकच रक्कम जमा झालेली दिसते. म्हणून विक्रेत्याने सेटलमेंट अहवालातली प्रत्येक ओळ ऑर्डर क्रमांकाशी आणि एकूण बेरीज बँकेच्या यूटीआर क्रमांकाशी ताडून पाहावी. चुकीची कपात तिथेच सापडते.