गोधडीत मुरलेला ऑक्सिजन

आमच्या काकांनी चाळीस वर्षं विड्या ओढल्या. त्याचं व्याज म्हणून त्यांना सीओपीडी जडला, आणि गेल्या पावसाळ्यात इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टरांनी ऑक्सिजन काँसन्ट्रेटर लिहून दिला. प्रमाण मिनिटाला २ लिटर, दिवसाचे निदान पंधरा तास. मशीन आलं, पुरवठादाराचा माणूस बटण दाखवून गेला, आणि पहिल्याच आठवड्यात मी जे पाहिलं त्याने माझ्या पोटात गोळा आला.

काका संडासला जायला उठले. नाकातली नळी काढून त्यांनी गोधडीवर टाकली. "अगं, मशीन राहू दे चालू, आत्ता येतो," असं काकूंना सांगून ते गेले. संडास, मग ओट्यावर चहा, मग थोडं पेपरवाचन असा पाऊण तास गेला. मशीन तेवढा वेळ गोधडीत ऑक्सिजन सोडत होतं. परत येऊन ते गोधडी पांघरून पडले, नळी नाकाला लावली, आणि दिवेलागणीची वेळ म्हणून काकू निरांजन घेऊन त्यांना ओवाळायला आल्या.

मी निरांजन हातातून काढून घेतलं तेव्हा काकूंना राग आला. "ऑक्सिजन काय पेट्रोल आहे का?" असं त्यांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही. पण दुसरं जे काही पेटतं, ते त्याच्या संगतीत भडकून पेटतं. आपण श्वास घेतो त्या हवेत तो २१ टक्के असतो. काँसन्ट्रेटर हीच घरातली हवा ओढून घेतो, झिओलाइट नावाच्या खनिजाच्या खड्यांत तिच्यातला नायट्रोजन अडकवतो, आणि नळीतून ९० ते ९५ टक्के ऑक्सिजन सोडतो. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो सुती कापडाच्या धाग्याधाग्यांत, कापसात, केसांत, दाढीत साठून राहतो. अशा कापडावर पडलेली ठिणगी, जी एरवी भोक पाडून विझली असती, ती काही क्षणांत सगळं पांघरूण कवेत घेते. नाकाशी नळी असेल तर ज्वाळ नळीतच धरते, आणि भाजतो तो चेहरा.

म्हणून पहिला नियम नळीचा. नाकातून काढली की आधी मशीन बंद, मग नळी खुंटीला. गादीवर, उशीवर, खुर्चीच्या गादीवर कधीच नाही. काही देशांत नळीत अग्निरोधक जोड बसवतात, नळी पेटली तर तो ऑक्सिजन तोडून टाकतो. पुरवठादाराकडे तो मागून पाहावा. पण तो आग लागू देत नाही असं नाही, लागलेली पसरू देत नाही.

दुसरा नियम अंतराचा. उघडी ज्योत आणि रुग्ण यांच्यात निदान दहा फूट हवेत. काकांची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यात दारही नव्हतं, त्यामुळे आम्ही कॉटच हलवली. आपल्या घरांत ज्योत फक्त गॅसवर नसते. समई, उदबत्ती, धूप, कापूर, डासांची कॉइल, हिवाळ्यातली शेगडी, वीज गेली की लावलेली मेणबत्ती, हे सगळं यात येतं. शेवटच्यासाठी खोलीत बॅटरीचा दिवा ठेवावा. रुग्णाने नळी लावून फोडणी टाकायला किंवा चहा करायला उभं राहू नये.

विडी-सिगारेटबद्दल बोलणं मला अवघड जातं, कारण सवय सुटत नाही हे मी घरीच पाहिलंय. काका चोरून एक ओढतातच. ओरडून ती चोरी थांबली नाही, फक्त लपली. शेवटी करार झाला तो असा, की मशीन बंद करायचं, नळी आत ठेवायची, निदान अर्धा तास जाऊ द्यायचा, शर्ट बदलायचा आणि अंगणात जायचं. हा सल्ला नव्हे, तडजोड आहे. घरात मात्र कुणीही, पाहुण्यांनीसुद्धा ओढायची नाही. वाफेची ई-सिगारेटही त्यातच आली.

तिसरी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. सततच्या वाऱ्याने नाक कोरडं पडतं आणि काकू हमखास खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन बोटावर घेतात. तेलकट मलम आणि दाट ऑक्सिजन यांची जोडी पेटायला सोपी. औषधाच्या दुकानात पाण्याच्या आधाराची जेल किंवा सलाइनचे थेंब मिळतात, ते वापरावेत. छातीला चोळायचा बामही डॉक्टरांना विचारूनच.

आता विजेचं. मशीन भिंतीतल्या घट्ट सॉकेटला थेट लावावं, टीव्ही-फ्रिजबरोबर एका एक्स्टेन्शन बोर्डवर नाही. पिन हाताला गरम लागली तर इलेक्ट्रिशियनला बोलवावं.

आमच्याकडे देखभालीसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारी, आणि कधी चार-पाच तास येत नाही. "इन्व्हर्टर आहे की" असं काकूंचं म्हणणं. हिशेब करून पाहिला. बॅटरी १२ व्होल्टची, १५० अँपिअर-अवरची, म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. घट वजा जाता आणि बॅटरी तळापर्यंत न ओढता हातात राहतात अकराशे-बाराशे. पाच लिटरचं मशीन साधारण ३५० वॉट खातं. म्हणजे जेमतेम सव्वातीन तास, पंखा आणि दिवे लावले तर अडीच. बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी. शिवाय इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा, आणि सुरू होताना कॉम्प्रेसर जो झटका देतो तो त्याला पेलला पाहिजे. एका रविवारी सिलिंडर शेजारी ठेवून आम्ही मेन स्विच पाडला आणि घड्याळ लावलं. दोन तास दहा मिनिटांत इन्व्हर्टर किंचाळू लागला.

म्हणून सिलिंडर. बी टाइपच्या सिलिंडरमध्ये १० लिटर पाणी मावतं. काट्यावरचा दाब गुणिले १० केलं की आत किती लिटर ऑक्सिजन आहे ते कळतं. १५० म्हणजे १५०० लिटर. काटा १०० वर आला असेल आणि शेवटचे २० राखून ठेवायचे असतील, तर उरले ८०० लिटर. मिनिटाला २ लिटरने ४०० मिनिटं, म्हणजे पावणेसात तासांच्या आतबाहेर. सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला हवा. व्हॉल्व्ह हळू उघडायचा, त्याला तेल-ग्रीस लावायचं नाही, आणि पाना तिथेच टांगलेला असावा. आमचा पाना एकदा माळ्यावर सापडला होता.

वीज गेली की मशीन अलार्म देतं. इन्व्हर्टरने भार उचलला नाही, तर रुग्णाला आधी पुढे वाकवून बसवावं, फुंकर घातल्यासारखा श्वास सोडायला सांगावं, आणि नळी सिलिंडरला जोडावी. मीटरमधली गोळी २ च्या रेघेवरच ठेवायची. घाबरून ती ४ वर न्यायचा मोह होतो, पण सीओपीडीच्या काही रुग्णांत जास्त ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, डोकं दुखतं, गुंगी येते. नातेवाइकांना वाटतं, बरं वाटून झोप लागली. या आजारात ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ चा आकडा बहुधा पुरेसा धरतात, तुमच्या रुग्णाची हद्द डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावी. सिलिंडर लावूनही आकडा त्याखाली राहिला, ओठ निळसर पडले, एक वाक्य पुरं बोलवेना किंवा माणूस जागा होईना, तर १०८ ला फोन.

वीज आली तरी मशीनला पुरता ऑक्सिजन द्यायला काही मिनिटं लागतात, तोवर सिलिंडर चालू राहू द्यावा. नळीतून येतंय का याची शंका आली, तर नाकातली टोकं भांडंभर पाण्यात बुडवावीत. बुडबुडे आले नाहीत तर नळी कुठे मुडपलीय का, कॉटच्या पायाखाली आलीय का ते बघावं. बुडबुडे आले म्हणजे वारा येतोय एवढंच कळतं. त्यात ऑक्सिजन किती, हे मशीनचा शुद्धतेचा दिवाच सांगतो, आणि जाळी धुळीने भरली की तो दिवा बोलू लागतो. जाळी आठवड्याला धुऊन, पूर्ण वाळवून बसवावी.

काकू आता बुधवारी रात्री सिलिंडरचा काटा वाचून कॅलेंडरवर लिहितात, दुधाच्या हिशेबाशेजारी. दिवेलागणीला निरांजन देवघरातच राहतं. काकांना त्या दुरूनच, नुसत्या हातांनी ओवाळतात.