पैलवानाचा खुराक टक्क्यांत मोजायचा की ग्रॅममध्ये? आणि तुमचा?

सांगली जिल्ह्यातलं कुंडल म्हटलं की दोन गोष्टी डोळ्यासमोर येतात. एक प्रतिसरकारचा इतिहास आणि दुसरं कुस्तीचं मैदान. इथल्या मातीत वस्ताद लोक खुराक वर्षानुवर्षं ओंजळीने, तांब्याने आणि नगावर मोजत आले. पण हल्ली पैलवानांच्या मोबाईलमध्येही डाएटचं ॲप असतं आणि त्यात एक गोल चार्ट असतो: कार्बोहायड्रेट 55 टक्के, प्रोटीन 15 टक्के, फॅट 30 टक्के.

या तीन घटकांनाच मॅक्रो म्हणतात. चार्ट दिसायला सोपा आहे. पण पैलवान वजन उतरवायला बसला की हाच चार्ट त्याला अडचणीत आणू शकतो.

टक्के म्हणजे नेमके कशाचे टक्के?

हे टक्के ताटातल्या वजनाचे नसतात, दिवसभरातल्या एकूण कॅलरींचे असतात. एक ग्रॅम प्रोटीनमधून साधारण 4 कॅलरी मिळतात, एक ग्रॅम कार्बोहायड्रेटमधूनही 4 आणि एक ग्रॅम फॅटमधून 9. त्यामुळे 15 टक्के प्रोटीन म्हणजे किती ग्रॅम, हे तुम्ही एकूण किती खाता यावर ठरतं. खाणं कमी झालं की प्रोटीनही आपोआप कमी होतं.

समजा, एक पैलवान 80 किलोचा आहे. मैदानातल्या कुस्तीत तोलामोलाची जोड बघून लढत लावता येते, पण गादीवरच्या स्पर्धेत वजनगट असतो. त्याला 74 किलो गटात उतरायचंय आणि हातात दोन-अडीच महिने आहेत.

एरवी तो दिवसाला 3600 कॅलरी खातो. त्याच्या 15 टक्के म्हणजे 540 कॅलरी, म्हणजेच 135 ग्रॅम प्रोटीन. एका किलो वजनामागे 1.7 ग्रॅम. मेहनत करणाऱ्या माणसासाठी हे ठीकच आहे.

आता वजन उतरवायला त्याने खाणं 2700 कॅलरींवर आणलं. चार्ट तोच, 15 टक्के. प्रोटीन झालं 101 ग्रॅम, म्हणजे किलोमागे 1.3 ग्रॅमपेक्षाही कमी. रोजचं 34 ग्रॅम प्रोटीन गेलं, म्हणजे पाच-सहा अंड्यांएवढं. ॲपमध्ये मात्र सगळं हिरवं दिसतंय, कारण टक्के बरोबर आहेत.

अडचण कुठे होते?

शरीराला प्रोटीन लागतं ते स्नायूंची झीज भरून काढायला आणि नवे स्नायू बांधायला. ही गरज शरीराच्या आकारावर आणि मेहनतीवर ठरते, एकूण कॅलरींवर नाही. पैलवानाने भाकरी कमी केली म्हणून त्याच्या मांड्या लहान झालेल्या नसतात.

उलट खाणं कमी असताना शरीर ऊर्जेसाठी स्नायूसुद्धा मोडायला लागतं. ते थोपवायला प्रोटीन थोडं जास्तच लागतं. म्हणजे गरज वाढते तेव्हाच टक्क्यांचा हिशोब प्रोटीन कमी करतो. काट्यावर वजन उतरतं, पण चरबीसोबत ताकदही जाते. जोर-बैठकांचा आकडा आठवड्यागणिक घसरायला लागला, पकड ढिली पडायला लागली, तर एक शक्यता हीच असते.

ग्रॅमने हिशोब कसा लावायचा?

इथे सुरुवात शरीरापासून होते. खेळाडूंसाठी प्रोटीनची मान्य मर्यादा किलोमागे साधारण 1.2 ते 2 ग्रॅम आहे. वजन उतरवणाऱ्याने वरच्या टोकाला राहावं. आपल्या पैलवानाचे झाले 160 ग्रॅम, म्हणजे 640 कॅलरी.

मग फॅट. किलोमागे 1 ग्रॅम धरलं तर 80 ग्रॅम, म्हणजे 720 कॅलरी. दोन्ही मिळून 1360. आता 2700 मधून 1360 वजा करा. उरल्या 1340 कॅलरी, त्या कार्बोहायड्रेटच्या. चारने भागलं की 335 ग्रॅम.

हाच हिशोब 3600 कॅलरींवर केला तर प्रोटीन आणि फॅट तेवढंच राहतं, कार्बोहायड्रेट 560 ग्रॅम होतं. फरक 225 ग्रॅमचा. 70 ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत साधारण 50 ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं, म्हणजे हा फरक साडेचार भाकऱ्यांचा. वजन उतरवताना कात्री कुठे लावायची, हे आता स्पष्ट दिसतं. अंडी, दूध आणि डाळीला हात लावायचा नाही.

यात प्रोटीनचे टक्के 18 वरून 24 झाले. पण ते हिशोबातून शेवटी निघाले, आधी ठरवले नव्हते.

तुपाचा घोळ

समजा, याच पैलवानाने 2700 कॅलरींच्या खाण्यात 50 ग्रॅम तूप वाढवलं. तुपातून आल्या 450 कॅलरी. प्रोटीन 160 ग्रॅमच आहे, एक ग्रॅमही घटलेलं नाही. पण टक्केवारी 24 वरून 20 वर येते. चार्ट म्हणतो प्रोटीन कमी पडलं. टक्के सांभाळायला तो पावडरचा जादा डोस घेतो आणि कॅलरी आणखी वाढतात. खरं तर चूक फक्त तुपाची होती. ग्रॅमच्या हिशोबात ती लगेच सापडली असती.

दुसरं टोक रीलमधल्या ‘40 टक्के प्रोटीन’चं. 3600 कॅलरींचे 40 टक्के म्हणजे 360 ग्रॅम. एका अंड्यात 6 ग्रॅम धरलं तर रोजची 60 अंडी!

पैलवान नसलेल्यांचं काय?

आयसीएमआर-एनआयएनने निरोगी प्रौढांसाठी प्रोटीनची शिफारसच किलोमागे दिली आहे: रोज 0.83 ग्रॅम. 60 किलोच्या महिलेला त्याप्रमाणे 50 ग्रॅम लागतं. ती डाएटिंग करून 1300 कॅलरींवर आली आणि 15 टक्के धरून चालली, तर तिला 49 ग्रॅमही जेमतेम मिळतं. म्हणजे व्यायाम न करणाऱ्याची किमान गरजही काठावर. ती व्यायामही करत असेल तर नक्कीच कमी.

मग टक्के अगदीच बिनकामाचे?

तसं नाही. सगळ्या लोकसंख्येला एकच सल्ला द्यायचा असतो तेव्हा प्रत्येकाचं वजन माहीत नसतं, तिथे टक्केच वापरतात. शेवटची तपासणी म्हणूनही ते उपयोगी आहेत. फॅट एकूण कॅलरींच्या 20 टक्क्यांच्या खाली गेलं तर खेळाडूने सावध व्हावं. आपल्या पैलवानाचे 80 ग्रॅम 2700 मध्ये जवळपास 27 टक्के होतात, म्हणजे ठीक.

ग्रॅमच्या पद्धतीलाही मर्यादा आहे. चरबी खूप जास्त असेल तर काट्यावरचं वजन धरून प्रोटीन उगाच फुगतं. 120 किलोच्या माणसाने 2 ग्रॅमने गुणलं तर 240 येतील, जे त्याला लागत नाहीत. अशा वेळी उंचीला साजेसं वजन धरून हिशोब करतात. किडनीचा आजार असेल तर आकडा डॉक्टरच ठरवतील. आणि वजन चार-पाच किलोने बदललं की गुणाकार पुन्हा करायचा. आपला पैलवान 74 वर आला की त्याचे 160 ग्रॅम 148 होतात.