गल्ल्यावरचा टॅब आणि मराठी पावती

फरसाणाच्या दुकानातल्या काकांची मागणी साधी होती. गल्ल्यावर एक टॅब ठेवायचा. त्यावर शेव, चिवडा, बाकरवडी अशी बटणं. वजन टाकलं की रक्कम यावी आणि शेजारच्या छोट्या प्रिंटरमधून मराठीत पावती निघावी. "आणि हो," काका म्हणाले, "त्या टॅबवर दुसरं काही म्हणजे काही चालता कामा नये." दुकानात काम करणारा पोरगा दुपारच्या निवांत वेळेत काय करील, याचा त्यांना अंदाज होता.

मी पंधरा दिवसांत ॲप केलं. बेरीज-गुणाकार एका संध्याकाळचं काम होतं. बाकीचे दिवस गेले ते टॅबला कुलूप घालण्यात आणि प्रिंटरला मराठी समजावण्यात. बाहेरून बघणाऱ्याला या दोन्ही गोष्टी दिसतही नाहीत.

आधी कुलूप. अँड्रॉइडमध्ये एक ॲप पडद्यावर जखडून ठेवायची सोय ५.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून आहे. ॲपमधून `startLockTask()` असं म्हणायचं, की झालं. गंमत अशी की हीच एक ओळ दोन वेगवेगळ्या गोष्टी करते. टॅबनं आपल्या ॲपला आधी परवानगी दिलेली नसेल, तर ही ओळ फक्त पडदा 'पिन' करते. आधी एक खिडकी येऊन विचारते, आणि बॅकचं व अलीकडच्या ॲप्सचं अशी दोन बटणं एकत्र दाबून धरली की कुणीही बाहेर पडतो. ते कसं करायचं हे टॅब स्वतःच सांगतो. पोरग्यानं पहिल्याच दिवशी ते वाचलं. संध्याकाळी मी गेलो तेव्हा टॅबवर क्रिकेटचे जुने सामने चालू होते आणि काका वहीत हिशेब लिहीत होते.

खरं कुलूप हवं असेल तर आपलं ॲप टॅबचं मालक व्हावं लागतं. अँड्रॉइडच्या भाषेत 'डिव्हाइस ओनर'. त्या मालकानं "हे ॲप जखडायला माझी परवानगी आहे" असं `setLockTaskPackages` वापरून नोंदवलं, की मग तीच `startLockTask()` ची ओळ वेगळी वागते. काही विचारत नाही, होमचं बटण दिसत नाही, वरून नोटिफिकेशनची पट्टी खाली ओढता येत नाही, आणि दोन बटणांची युक्ती चालत नाही. मालकी द्यायची ती टॅब संगणकाला जोडून, अशा आज्ञेनं:

```
adb shell dpm set-device-owner com.example.bill/.AdminReceiver
```

इथं बहुतेकांची गाडी अडते. टॅबवर आधीच कुणाचं ईमेल खातं असेल तर ही आज्ञा सरळ नाकारली जाते. कारण योग्यच आहे. एखाद्याच्या वापरातल्या टॅबचा ताबा मागाहून कुठल्याशा ॲपनं घेतला तर ती चोरीच झाली. म्हणून टॅब नवा कोरा असतानाच हे करायचं, नाहीतर सगळं पुसून पुन्हा कोरा करायचा. काकांच्या टॅबवर मुलीनं हौसेनं खातं उघडून ठेवलं होतं, तेव्हा आम्ही दुसरा मार्ग धरला.

मालकी मिळाली तरी दोन गोष्टी राहतात. हे कुलूप टॅब बंद होऊन पुन्हा सुरू झाला की आपोआप लागत नाही. त्यामुळे आपलं ॲप हेच टॅबचं 'होम' आहे असं मालकानं ठरवून द्यायचं आणि ॲपनं उठल्या उठल्या स्वतःला पुन्हा जखडून घ्यायचं. दुसरी गोष्ट मी विसरलो होतो. कुलूप असं पक्कं लागलं की मलाही बाहेर पडता येईना. महिन्याभरानं दुकानातल्या वायफायचा पासवर्ड बदलला. नवा टाकायचा तर सेटिंग्जमध्ये जायला हवं, आणि सेटिंग्ज तर कुलपापलीकडे. दुकानाच्या नावावर पाच वेळा बोट मारून, मग चार आकडे टाकून उघडणारं चोरदार मी त्या दिवसानंतर केलं. ते सुरुवातीलाच करायचं असतं.

आता प्रिंटर. टपऱ्यांपासून मेडिकलपर्यंत दिसतो तो ५८ मिलिमीटर रुंद कागदाचा थर्मल प्रिंटर. त्यात शाई नसते. कागदाच्या एका बाजूला उष्णतेनं काळा होणारा लेप असतो आणि प्रिंटरच्या डोक्यात बारीक तापणाऱ्या ठिपक्यांची एक आडवी रांग असते. रोल उलटा बसवला तर पावती कोरी निघते. लेपाची बाजू कुठली हे कळायला कागदावर नखानं जोरात ओरखडा काढायचा. काळी रेघ उमटली तर तीच बाजू. ५८ पैकी ४८ मिलिमीटरवरच छपाई होते आणि एका मिलिमीटरला ८ ठिपके, म्हणजे आडव्या रांगेत ३८४. हा ३८४ चा आकडा पुढे सतत लागतो.

हे प्रिंटर बहुतेक एप्सन कंपनीनं घडवलेल्या 'ईएससी-पीओएस' नावाच्या आज्ञांवर चालतात. इंग्रजी अक्षरं सरळ पाठवली की ती सरळ छापली जातात, कारण त्यांचे साचे प्रिंटरच्या पोटातच असतात. देवनागरीचे नसतात. मी पहिल्यांदा नुसतं 'चिवडा' पाठवून पाहिलं. संगणकाच्या लेखी त्या शब्दात पाच खुणा आहेत: च, वेलांटी, व, ड, काना. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. प्रिंटरला प्रत्येक बाइट म्हणजे एक अक्षर वाटलं. चिवड्याऐवजी पंधरा चित्रविचित्र चिन्हं निघाली.

साचे असते तरी भागलं नसतं. 'चि' मध्ये वेलांटी साठवली जाते च च्या नंतर, पण दिसते आधी. जोडाक्षर कसं बसवायचं, रफार कुठे न्यायचा हे ठरवणारी बुद्धी या स्वस्त यंत्रात नाही. ती टॅबमध्ये आहे. तेव्हा मराठी पावती छापायची म्हणजे मजकूर पाठवायचाच नाही. टॅबवर ३८४ ठिपके रुंद कोरं चित्र घ्यायचं, त्यावर पावती लिहायची, आणि ते चित्र काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत बदलून प्रिंटरला द्यायचं. प्रिंटरच्या दृष्टीनं तो चिवडा नसून नक्षी असते.

नक्षीचे स्वतःचे नखरे असतात. पडद्यावर सुंदर दिसणारी नाजूक अक्षरं कागदावर तुटतात, कारण राखाडी कडा इथं नाहीत. ठिपका एकतर काळा, नाहीतर नाही. मी जाडसर वळणाची अक्षरं घेतली आणि उंची २६ ठिपक्यांची ठेवली. तरी काकूंची तक्रार आली, "रेघ फिकी येते." खरंच, अक्षरं ठसठशीत आणि शिरोरेषा मात्र धुरकट. इंग्रजी ओळीत एका वेळी थोडेच ठिपके तापतात. मराठी ओळीची शिरोरेषा आली की अर्धी रांग एकदम तापवावी लागते, आणि बॅटरीवरच्या छोट्या प्रिंटरची ताकद तिथं कमी पडते. शिरोरेषा दोन ठिपक्यांऐवजी तीन ठिपके जाड केली आणि प्रिंटर चार्जरला लावून ठेवला, तेव्हा काकूंनी मान डोलावली.

पण खरी फजिती वेगळीच होती. बारा सेंटिमीटरची पावती म्हणजे ९६० रांगा. प्रत्येक रांगेला ३८४ ठिपके, म्हणजे ४८ बाइट. गुणाकार केला तर ४६,०८० बाइट. हीच पावती इंग्रजी मजकुरात हजार बाइटच्याही आत मावली असती. मी सगळं एका दमात ब्लूटूथवरून ढकललं. पहिली ओंजळभर पावती देखणी आली आणि मग प्रिंटर भूत लागल्यासारखा निरर्थक चिन्हं ओकू लागला. बघता बघता हातभर कागद गेला. प्रिंटरची आठवण लहान असते. ती भरून वाहिली आणि मधले काही बाइट सांडले. आता चित्र कुठे संपतं याचा हिशेब चुकला आणि उरलेले ठिपके त्यानं अक्षरं समजून छापले. उपाय म्हणजे चित्राचे चोवीस-चोवीस रांगांचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याआधी स्वतंत्र आज्ञा द्यायची:

```
1D 76 30 00 30 00 18 00
```

पहिल्या चार आकड्यांचा अर्थ 'चित्र येतंय'. पुढे रुंदी, म्हणजे ४८ बाइट, आणि उंची, म्हणजे २४ रांगा. दोन्ही `30` सारखे दिसतात, पण पहिला आज्ञेचा भाग आहे आणि दुसरा योगायोगानं ४८. आपली पावती असे चाळीस तुकडे होऊन जाते. दोन तुकड्यांत जरा थांबायचं, म्हणजे प्रिंटरला घास गिळायला वेळ मिळतो.

एवढं जमल्यावर मला वाटलं काम झालं. मग एका संध्याकाळी वीज गेली. टॅब त्याच्या बॅटरीवर चालू राहिला. प्रिंटरची बॅटरी मात्र केव्हाचीच दमलेली होती, तो विझला. काकांनी बिल केलं, ॲपनं 'छापलं' म्हणून टाकलं, कागद काही आला नाही. काकांनी पुन्हा बटण दाबलं. त्याच अर्धा किलो शेवेची दोन बिलं नोंदली गेली. दोन्हींचे क्रमांक वेगळे, आणि जीएसटीच्या नियमात बिलांचे क्रमांक ओळीनं लागतात, मधलं बिल गुपचूप खोडता येत नाही.

चूक माझी होती. बाइट ब्लूटूथच्या हवाली झाले यालाच मी छपाई समजलो होतो. पत्र पेटीत टाकलं म्हणजे पोचलं असं नाही. आता ॲप बिलाला क्रमांक देऊन ते आधी साठवतं आणि त्यावर 'छपाई बाकी' असा शेरा ठेवतं. छापण्याआधी आणि नंतर ते प्रिंटरला `10 04 04` असं विचारतं. ही आज्ञा रांगेत थांबत नाही, प्रिंटर अडून बसलेला असला तरी तिचं उत्तर येतं. `12` आलं तर कागद आहे, `72` आलं तर संपलाय. अगदी स्वस्त प्रिंटर कधीकधी उत्तरच देत नाहीत. दोन सेकंद वाट पाहून काहीच आलं नाही, तर ॲप सरळ माणसाला विचारतं: 'पावती आली का?' 'नाही' म्हटलं की तेच बिल, त्याच क्रमांकानं पुन्हा छापायचं आणि वर 'दुसरी प्रत' असं लिहायचं. नवं बिल करायचं नाही.

रोल मधेच संपला तर काय, हे मात्र प्रिंटरागणिक बदलतं. काही प्रिंटर नवा रोल घातल्यावर अर्ध्या पावतीपासून पुढे छापतात, काही सगळं विसरतात. म्हणून आम्ही अर्ध्याचा भरवसा धरत नाही. नवा रोल बसला की प्रिंटर रिकामा करून पूर्ण पावती पहिल्यापासून. कागद चार बोटं जास्त जातो. काकांना ते खटकतं. संपत आलेल्या रोलवर कडेला लाल रेघ दिसू लागली की ते गिऱ्हाईक नसताना स्वतःच रोल बदलतात, आणि उरलेल्या तुकड्याच्या मागच्या बाजूवर दुधाचा हिशेब लिहितात.