भोजनप्रसंगातील सहा पात्रे : संवादलेखनाचा एक विचार

महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी' (१९८५) या नाटकात तात्याजींच्या मृत्यूनंतर एकत्र आलेले देशपांडे कुटुंब दिवसांच्या खर्चाविषयी बोलते. प्रत्येकाच्या मनात मात्र निराळीच अपेक्षा असते. उघड विषय एक आणि सुप्त इच्छा अनेक, हे तत्त्व भोजनप्रसंगासही लागू पडते.

सदाशिव पेठेतील एक वाडा पुनर्विकासास द्यावयाचा आहे, अशी कल्पना करू. पानावर विषय केवळ आमटीचा.

आजीला वाडा सोडावयाचा नाही : "ही चव या घराचीच."
सुनेला स्वतंत्र संसार हवा : "माझ्या हातची जरा वेगळी होते."
थोरला कर्जबाजारी आहे : "थोडीच वाढ, आता झेपत नाही."
आत्याला माहेरी एक खोली हवी : "माझ्या वाटची ठेवा हं."
धाकट्याला हिस्सा हवा : "वाटायचीच तर सगळ्यांना सारखी."
नातीला परगावी जावयाचे आहे : "मला नको, सवय मोडायला हवी."

येथे आत्याच्या 'वाट' या शब्दातून धाकट्याला 'वाटणी' ऐकू येते. म्हणजेच प्रत्येक जण दुसऱ्याचे वाक्य स्वतःच्या इच्छेनुसार ऐकतो. पात्रांची नावे झाकून संवाद वाचावा. बोलणारा ओळखू आला नाही, तर त्याची इच्छा लेखकालाच स्पष्ट झालेली नाही, असे समजावे. उलट, एखाद्याने "मला हिस्सा हवा" असे उघड म्हटले, की आमटीचा आडपडदा गळून पडतो आणि प्रसंग संपतो. म्हणून ते वाक्य शेवटासाठीच राखावे.