गणित चोख, उत्तर उलटे

अमेरिकेतली 1947 ते 1962 ही सोळा वर्षे. महायुद्ध संपलेले, कारखाने जोरात, लोकसंख्या वाढती. या काळात देशाचे एकूण राष्ट्रीय उत्पादन सुमारे 234 अब्ज डॉलरवरून 555 अब्ज डॉलरवर गेले आणि रोजगार सहा कोटींवरून सात कोटींवर. उत्पादन वाढले की माणसे कामाला लागतात, यात कुणाला नवल वाटणार नाही. पण याच सोळा वर्षांचे आकडे रिग्रेशनच्या गणितात घातले की भलतेच उत्तर हाती येते: राष्ट्रीय उत्पादन एक अब्ज डॉलरने वाढले, तर जवळपास 36 हजार नोकऱ्या कमी होतात.

हे आकडे जेम्स लाँगली यांनी 1967 साली प्रसिद्ध केले. ते अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागात काम करत. त्यांना तपासायचे होते ते अर्थशास्त्र नव्हे, तर त्या वेळचे संगणक. त्यांनी हे गणित आधी हाताने पक्के सोडवले, मग तेच वेगवेगळ्या प्रोग्रॅमना दिले. उत्तरे एकमेकांशी जुळेनात; काही ठिकाणी तर अधिक-उणे चिन्हसुद्धा चुकले. आजचे संगणक हे गणित दशांशचिन्हापुढच्या अनेक स्थानांपर्यंत अचूक करतात आणि तरीही राष्ट्रीय उत्पादनापुढचे उणे चिन्ह तसेच राहते. म्हणजे दोष यंत्राचा नाही. तो त्या आकड्यांतच आहे, आणि रिग्रेशनच्या तक्त्याकडे नुसते पाहून तो ओळखता येत नाही.

लाँगली यांच्या तक्त्यात रोजगाराचा अंदाज बांधण्यासाठी सहा रकाने आहेत: किमतींचा निर्देशांक, राष्ट्रीय उत्पादन, बेरोजगारांची संख्या, सैन्यातल्यांची संख्या, लोकसंख्या आणि वर्ष. रिग्रेशन प्रत्येक रकान्याला एक गुणक देते. त्या गुणकाचा अर्थ असा की बाकीच्या पाच गोष्टी आहेत तिथेच ठेवल्या आणि ही एकच हलवली, तर रोजगार किती हलेल. सारी गोम ‘बाकीच्या पाच आहेत तिथेच’ या अटीत आहे. राष्ट्रीय उत्पादन आणि वर्ष यांचा परस्परसंबंध 0.995 इतका आहे, उत्पादन आणि लोकसंख्येचा 0.991. उत्पादन वाढले पण लोकसंख्या जागच्या जागी राहिली, असे एकही वर्ष या सोळांत नाही. जे कधी घडलेच नाही, त्याचा परिणाम आपण गणिताला विचारतो आहोत. रकाने असे एकमेकांच्या हातात हात घालून चालतात, त्याला मल्टिकोलिनिअॅरिटी म्हणतात.

रकाने कमी-जास्त केले की गुणक किती हेलकावे खातो, हे पाहण्यासारखे आहे. रोजगाराच्या गणितात फक्त राष्ट्रीय उत्पादन ठेवले, तर एक अब्ज डॉलरमागे सुमारे 35 हजार नोकऱ्या वाढतात. सोबत लोकसंख्या घेतली की तोच आकडा 63 हजारांवर जातो. सहाही रकाने घेतले की तो उणे 36 हजार होतो. आकडे तेच, वर्षे तीच, गणित तिन्ही वेळा बिनचूक. एखाद्या शोधनिबंधात यातले एकच गणित छापून आले, तर वाचकाला बाकीच्या दोन उत्तरांचा पत्ताही लागणार नाही.

हा दोष मोजण्याची रीत सोपी आहे. रोजगार बाजूला ठेवायचा आणि राष्ट्रीय उत्पादनाचाच अंदाज बाकीच्या पाच रकान्यांवरून बांधून पाहायचा. लाँगली यांच्या आकड्यांत तो 99.94 टक्के बांधता येतो. उत्पादनाच्या चढउतारातला जेमतेम 0.06 टक्का भाग त्याचा स्वतःचा उरतो आणि गुणकाची सारी मदार त्या कणभर भागावर असते. एकाला त्या उरलेल्या भागाने भागले की जो आकडा येतो, तो म्हणजे व्हीआयएफ. इथे तो सुमारे 1789 येतो. त्याचे वर्गमूळ 42, म्हणजे रकाने एकमेकांपासून स्वतंत्र असते तर गुणकात जेवढी अनिश्चितता राहिली असती, तिच्या 42 पट ती आता आहे. ज्याला पडताळून पाहायचे असेल, त्याच्यासाठी हे आकडे ‘आर’ या मोफत प्रणालीत आधीपासून भरलेले असतात. दुसऱ्या ओळीसाठी `car` हे पॅकेज तेवढे घालावे लागते.

```
summary(lm(Employed ~ ., data = longley))
car::vif(lm(Employed ~ ., data = longley))
```

पहिल्या ओळीच्या उत्तरात गुणकाशेजारी प्रमाण त्रुटी छापलेली असते. तिच्यावरून 95 टक्के विश्वासाची कक्षा काढली, तर ती उणे 1 लाख 12 हजारांपासून अधिक 40 हजारांपर्यंत पसरते. म्हणजे गणित खोटे बोलत नव्हतेच. ‘या आकड्यांवरून मला सांगता येत नाही’ असेच ते सांगत होते. फक्त ते ऐकायला शेजारचा रकाना वाचावा लागतो. उलट त्याच पानावर सर्वांत ठळक दिसणारा आकडा, म्हणजे गणित एकंदर किती जुळले हे सांगणारा आर-वर्ग, 0.995 असतो. हा आकडा पाहून भुलणारे पुष्कळ आहेत.

पाठ्यपुस्तके व्हीआयएफ 10 च्या वर गेला की धोका, असे सांगतात. हा 10 सोयीसाठी धरलेला आहे, त्यामागे कुठला सिद्धांत नाही. त्याहून घातक सवय म्हणजे व्हीआयएफ मोठा दिसला की तो रकाना सरळ गाळून टाकणे. लोकसंख्येचा रोजगारावर खरोखर परिणाम होत असेल आणि ती गाळली, तर तिचे श्रेय उत्पादनाच्या खात्यावर जमा होते. अनिश्चितता कमी झाल्यासारखी दिसते, पण उत्तर एका बाजूला झुकते आणि ते झुकल्याची कुठलीही खूण तक्त्यात उमटत नाही. शिवाय ज्याला फक्त अंदाज हवा आहे, कोणत्या कारणाचा किती वाटा याच्याशी देणेघेणे नाही, त्याला या दोषाचा फारसा त्रासही नसतो, मात्र पुढेही रकाने असेच एकत्र चालत राहिले पाहिजेत. अर्थमितीचे अभ्यासक आर्थर गोल्डबर्गर यांचे म्हणणे होते की, मल्टिकोलिनिअॅरिटीची तक्रार ही मुळात आकडे अपुरे असल्याची तक्रार आहे. ते पटण्यासारखे आहे. सोळा वर्षांत सहा कारणे वेगळी काढायची, तर जास्त वर्षे हवीत किंवा उत्पादन आणि लोकसंख्या वेगवेगळ्या चालीने गेलेले देश हवेत.

दुसरा दोष याच्या अगदी उलट स्वभावाचा आहे. त्यात गुणक शाबूत राहतो आणि त्याच्याशेजारची प्रमाण त्रुटी चुकते. यासाठी शंभर वर्षे मागे, बेल्जियममध्ये जावे लागते. जर्मन सांख्यिकीतज्ज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी 1857 साली तिथल्या कामगार कुटुंबांचे खर्च अभ्यासून दाखवले की, उत्पन्न वाढते तसा त्यातला अन्नावरचा वाटा घटत जातो. त्या आकड्यांपैकी 235 कुटुंबांचे उत्पन्न आणि अन्नखर्च आजही अभ्यासाला वापरले जातात. सरळ रिग्रेशन सांगते की उत्पन्नातल्या प्रत्येक जादा 100 फ्रँकमागे सुमारे 49 फ्रँक अन्नावर जातात.

पण ही कुटुंबे आलेखावर मांडली की ठिपक्यांचा आकार नरसाळ्यासारखा दिसतो. गरीब कुटुंबे रेषेला चिकटून असतात, कारण पोटाला लागते तेवढे लागतेच. इकडे-तिकडे करायला त्यांच्याकडे पैसाच नसतो. उत्पन्न वाढते तशी निवड वाढते: कुणी चांगलेचुंगले खाते, कुणी पैसा दुसरीकडे लावते. ठिपके रेषेपासून दूर दूर पसरत जातात. या पसरत जाण्याला हेटेरोस्केडॅस्टिसिटी असे जडजंबाल नाव आहे. रिग्रेशनचे नेहमीचे सूत्र मात्र पसारा सगळीकडे सारखाच आहे असे गृहीत धरते आणि त्यावरून अनिश्चितता मोजते. गृहीतकच चुकीचे असेल, तर एखादा परिणाम ‘लक्षणीय’ आहे की नाही, हा निवाडाही डळमळीत होतो.

तपासणी इथेही कठीण नाही. प्रत्येक कुटुंबाचा खरा खर्च आणि रेषेने वर्तवलेला खर्च यांतला फरक काढायचा आणि तो वर्तवलेल्या खर्चासमोर मांडायचा. आडवा, सारख्या रुंदीचा पट्टा दिसला तर ठीक. एका बाजूला फाकत गेला तर नाही. 1979 साली ब्रॉइश आणि पेगन यांनी यासाठी एक चाचणी दिली. 1980 साली हॅल्बर्ट व्हाइट यांच्या निबंधामुळे असमान पसारा धरून प्रमाण त्रुटी काढण्याचे सूत्र रूढ झाले. आज ते एका आज्ञेत मिळते.

दुरुस्ती एवढी सोपी झाल्याचा एक तोटा झाला. पुष्कळजण सूत्र बदलतात आणि पुढे जातात. पसारा असमान का आहे, हे विचारतच नाहीत. बेल्जियमच्या आकड्यांत खरी गोष्ट तिथेच दडलेली आहे. रॉजर कोएन्कर आणि गिल्बर्ट बॅसेट यांनी 1982 साली हेच आकडे घेऊन सरासरी कुटुंबाऐवजी वेगवेगळ्या पातळ्यांच्या रेषा काढल्या. तेवढ्याच उत्पन्नात अन्नावर सर्वांत कमी खर्च करणाऱ्यांच्या, म्हणजे खालच्या 5 टक्क्यांच्या पातळीवर 100 फ्रँकमागे 34 फ्रँक अन्नावर जातात. वरच्या 5 टक्क्यांच्या पातळीवर 71. सरासरीच्या 49 फ्रँकमागे अशी दोन अगदी वेगळी घरे उभी आहेत.

हे सारे तपासायला फार तर एखादी दुपार लागते. तरी निबंधांत त्याचा उल्लेख सापडत नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठातले अन्या एर्न्स्ट आणि कास्पर आल्बर्स यांनी चिकित्सा मानसशास्त्राची बारा नियतकालिके चाळली आणि निष्कर्ष 2017 साली मांडले. रिग्रेशन वापरणाऱ्या निबंधांपैकी 92 टक्क्यांत गृहीतके तपासली की नाही, हे स्पष्ट होत नव्हते. आणखी 4 टक्क्यांनी नको ते आवश्यक मानले होते: आकड्यांचे रकानेच घंटेच्या आकाराचे, म्हणजे नॉर्मल हवेत, असा त्यांचा समज होता. वास्तविक नॉर्मल असण्याची अपेक्षा रेषेपासूनच्या फरकांकडून असते, आणि नमुना मोठा असेल तर तीही फारशी कडक नसते. ज्याची गरज नाही ते तपासायचे आणि ज्याने निष्कर्ष फिरतो ते सोडायचे, हा प्रकार काहीच न तपासण्याहून बरा म्हणता येत नाही.

या मौनाचा अर्थ तपासलेच नाही असा होतोच असे नाही. संपादक शब्दमर्यादा घालतात आणि पहिली कात्री याच मजकुराला लागते. पण रिंक हूक्स्त्रा आणि सहकाऱ्यांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा संशयाचा फायदाही उरत नाही. त्यांनी डच विद्यापीठांतल्या 30 पीएचडी विद्यार्थ्यांना आकडे देऊन समोर बसून विश्लेषण करायला लावले. गृहीतके क्वचितच तपासली गेली. नंतरच्या मुलाखतींत दिसलेले कारण आळस किंवा लपवाछपवी हे नव्हते. कोणते गृहीतक कशासाठी असते आणि ते मोडले तर उत्तराचे नेमके काय होते, हेच त्यांतल्या बहुतेकांना नीट ठाऊक नव्हते.